त्याच्या कानातून आवाज येतो

आमच्या वाचनालयात एक तक्रारवही आहे. ती सुतळीने टेबलाला बांधलेली आहे. तिच्याबरोबर एक पेनही बांधलेलं असतं, पण ते दर आठवड्याला कुणीतरी सोडवून नेतं. त्यामुळे आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी पेन नसल्यामुळे आपोआप मिटतात. मार्च महिन्यात मात्र पेन टिकलं आणि वहीत एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं : "१४ नंबरच्या खुर्चीवरील व्यक्तीच्या कानातून आवाज येतो. कृपया बंद करावा."

चिटणीसांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "कानातून? ही तक्रार आपली का नाक-कान-घसा डॉक्टरची?"

मी त्या दिवशी कार्यकारिणीवर नव्याने आलो होतो. कार्यकारिणीवर नवा आलेला माणूस आणि लग्नघरात लवकर पोचलेला पाहुणा यांना काम सांगायला कुणी लाजत नाही. माझं अक्षर बरं आहे, हे कळायला त्यांना पाच मिनिटं लागली. "तुम्ही एक सूचना लिहा. ती हेडफोनं, स्पीकरं, सगळं त्यात येऊ द्या. सभ्य भाषेत," चिटणीस म्हणाले. सभ्य भाषेत, हे त्यांनी आमच्या कमिटीतल्या निवृत्त हवालदारसाहेबांकडे बघत सांगितलं, कारण आधीची सूचना त्यांनी लिहिली होती. ती होती, "आवाज कराल तर बाहेर काढू."

आमचं वाचनालय साताऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात आहे. खाली चहाची टपरी, वर लाकडी जमिनीचा एक दिवाणखाना, त्यात चाळीस खुर्च्या. सकाळी पेन्शनर पेपर वाचतात आणि दहानंतर अभ्यासिका सुरू होते. अभ्यासिका म्हणजे राज्यसेवा, कंबाईन, तलाठी, पोलीस भरती. ही पोरं घरून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन येतात आणि रात्री दहाला कुलूप लागेपर्यंत उठत नाहीत. आमच्या काळी अभ्यास पुस्तकातून व्हायचा. आता मास्तर फोनमध्ये असतो आणि त्याला कानात घालून ऐकावं लागतं. म्हणजे हेडफोन बंद म्हटलं तर अभ्यासच बंद. पेच हा होता.

पहिला मसुदा मी शुद्ध मराठीत केला. "बिनतारी कर्णयंत्रे वापरणाऱ्या वाचकांनी यंत्राचा आवाज इतरांस ऐकू जाणार नाही याची दक्षता घ्यावी." मला तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरच्या टेबलावरचे गुरुजी लाल चेहऱ्याने माझ्यासमोर उभे राहिले. गुरुजींचं वय ब्याऐंशी आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्र.

"चाळीस वर्षं या वाचनालयाचा सभासद आहे मी. आता बहिऱ्यांना बंदी?"

"गुरुजी, ते तुमच्यासाठी नाही..."

"काय?"

"तुमच्यासाठी नाही म्हटलं!"

"माझ्यासाठी नाही तर मग कर्णयंत्र आणखी कोण वापरतं इथं?"

यावर उत्तर नव्हतं. शिवाय त्यांच्या यंत्रातून आवाज येतो हे खरंच होतं. ते कानाशी हात नेऊन माझं बोलणं ऐकायला लागले की यंत्र बारीक शिट्टी मारतं. कानात गेलेला आवाज फटीतून बाहेर येतो, हाताला आपटून यंत्राच्या माइकमध्ये परत शिरतो, तिथून पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि असा फिरत राहतो. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर नेला की जे किंचाळतं, तेच हे, फक्त घरगुती मापात. म्हणून दुसऱ्या मसुद्यात मी "श्रवणयंत्रास ही सूचना लागू नाही" अशी ओळ घातली. दुपारी १४ नंबरच्या मुलाला हटकलं, तर त्याने कानातलं बोंडूक दाखवून शांतपणे सांगितलं, "काका, श्रवणयंत्रच आहे हे. याच्यावर मी लेक्चर श्रवण करतो."

तिसऱ्या मसुद्यात "वायरलेस" हा शब्द घातला. हवालदारसाहेब उखडले. "वायरलेस म्हणजे खात्याचा सेट. तो लायब्ररीत कुणी आणणार नाही. तुम्ही उगाच अफवा पसरवू नका." मग त्यांनी कायदा काढला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्टं यांच्या भोवतीचा निदान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. वाचनालय त्यात नावाने येत नाही, पण साहेबांच्या मते भावनेने येतं. त्यांनी नातवाकडून फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि भर दुपारी दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून मोजणी केली. आकडा ५८. गुन्हेगार कोण म्हणून सगळीकडे फोन फिरवला, तेव्हा तो डोक्यावरचा पंखा निघाला. फोनचं अ‍ॅप काही प्रयोगशाळेतलं नव्हे, चार-पाच डेसिबल इकडेतिकडे व्हायचेच. पण पंखा दोषी होता यात शंका नाही. पंख्यावर कारवाई करावी असा ठराव मात्र कुणी मांडला नाही. एप्रिल तोंडावर होता.

पंख्याने मला पुढे बरंच शिकवलं, म्हणून त्याच्याविषयी थोडं सांगतो. एका दुपारी लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर दिवे आहेत, पंखे नाहीत. तसा ठरावच आहे. पंखे हळूहळू थांबले, त्यांची घरघर विरली आणि दिवाणखान्यात जे काय ऐकू यायला लागलं! भरतीच्या वेळी लपलेले खेकडे ओहोटीला उघडे पडावेत, तसे आवाज उघडे पडले. एका कोपऱ्यातून चक्-चक्, चक्-चक्. दुसऱ्या कोपऱ्यातून डास गुणगुणावा तशी एक बाई भारताचा भूगोल सांगत होती. तिसरीकडे क्रिकेटची कॉमेंट्री. आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात डोकं खुपसून बसलेल्या एका अत्यंत गुणी मुलाच्या कानात पक्की ढोलकीची लावणी चाललेली. हे सगळं रोजच चालू असणार. पंखा त्यावर पांघरूण घालत होता, इतकंच.

तक्रार लिहिणारी मुलगी १४ नंबरच्या शेजारच्याच खुर्चीवर होती. ती फिजिक्सची पदवीधर. तिने मला हळू आवाजात प्रकरण समजावलं, ते असं. कानात घालायच्या बोंडकांचे दोन प्रकार. एकाला रबराची टोपी असते, ती कानाचं भोक बुजवते. दुसरं कडक प्लास्टिकचं, ते कानाच्या दाराशी नुसतं टेकून उभं राहतं. टेकून उभ्या राहणाऱ्यात बाहेरचा पंखाही ऐकू येतो, म्हणून माणूस पंख्याच्या वर आवाज चढवतो. आणि फट उघडी असल्यामुळे चढवलेला आवाज बाहेरही गळतो. पण सगळाच्या सगळा गळत नाही. एवढ्याशा यंत्राला जाड, खर्जाचा आवाज हवेत लांब ढकलता येत नाही. तो कानाच्या पोकळीतच काय तो जाणवतो. बारीक, टोकदार आवाज तेवढे बाहेर निसटतात.

"म्हणजे ढोलकी त्याच्या कानात राहते आणि झांज माझ्याकडे येते," ती म्हणाली. "गाणं तरी पूर्ण आलं असतं तर ऐकलं असतं, काका. पण दिवसभर नुसती झांज!"

मला एकदम १४ नंबरचा राग आणि तिची दया आली. पण त्या मुलाला आपण आवाज करतोय हे माहीतच नव्हतं, हेही खरं. ज्याचं त्याला कसं कळणार? मी विचार करून एक परीक्षा काढली : बोंडूक कानातून काढून टेबलावर ठेवावं आणि ऐकावं. मुलीने ती नापास केली. "कानाबाहेर काढलं की रबराच्या टोपीचंही गळतंच. मग सगळेच दोषी ठरतील. एकाने कानात घालून नेहमीच्या आवाजात लावायचं, दुसऱ्याने शेजारच्या खुर्चीत बसायचं, आणि पंखा बंद." अशी चाचणी आम्ही संध्याकाळी घेतली. प्लास्टिकवाल्यांनी आवाज निम्म्यावर आणला तेव्हा झांज थांबली. पंखा पुन्हा लावला. दोन मिनिटांत एकेकाचा अंगठा हळूच आवाजाच्या बटनावर गेला आणि झांज पूर्ववत झाली. मीच पाहिलं.

रबरी टोपीवाल्यांचं बरं म्हणावं तर त्यांचं दुखणं वेगळंच. कान गच्च बुजले की स्वतःचा आवाज बाहेर किती जातोय याचा अंदाज सुटतो. गोंगाटात आपलं आपल्याला ऐकू आलं नाही की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे दाखवून दिलं आणि आजही त्याला लोंबार परिणाम म्हणतात. सातारा एसटी स्टँडवर उभं राहून फोनवर बोलणाऱ्या कुणालाही त्याला हे फुकटात दाखवता आलं असतं. आमच्याकडचा नमुना असा : भर शांततेत एक मुलगा, कानांत टोप्या, फोनवर, खणखणीत आवाजात, "आई, मी लायब्ररीत आहे, जोरात बोलता येत नाही!"

एव्हाना मी स्वतःला या विषयातला जाणकार समजू लागलो होतो. माझ्या मुलीने मला वाढदिवसाला बिनतारी हेडफोन दिले होते, तेही रबरी टोपीचे. एका दुपारी सूचनेचा चौथा मसुदा समोर ठेवून मी जरा विरंगुळा म्हणून फोन उघडला. घरून माझ्या घोरण्याबद्दल बऱ्याच दिवसांच्या तक्रारी होत्या, म्हणून "घोरणे कायमचे बंद करा" असा एक व्हिडिओ लावला. आवाज येईना. आवाज वाढवला. येईना. अजून वाढवला. पडद्यावर डॉक्टर तोंड हलवत होते, पट्टी शेवटच्या टोकाला टेकली होती आणि माझ्या कानांत संपूर्ण, मंगल शांतता होती. मी मनात म्हटलं, यूट्यूबवाल्यांचं काहीतरी बिघडलं असणार.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खालच्या टपरीवरचा पोऱ्या वर आला आणि अख्ख्या दिवाणखान्यासमोर म्हणाला, "काका, तुमचं घोरणं खाली ऐकू यायलंय."

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात मॅच होती, तेव्हा टपरीवरच्या स्पीकरला मीच मोठ्या ऐटीत माझा फोन जोडून सगळ्यांना कॉमेंट्री ऐकवली होती. फोन असली ओळख विसरत नाही. ब्लूटूथ चालू असलं आणि ओळखीचा स्पीकर टप्प्यात चालू झाला की तो गुपचूप जाऊन त्याला मिळतो. टप्पा साधारण दहा मीटर, आणि मध्ये आमची लाकडी जमीन. तिचा त्याला काय अडथळा? माझे हेडफोन डबीत नीट न बसल्याने रात्रभर चार्ज झाले नव्हते, म्हणजे कानात मेलेले. मग माझा सगळा आवाज गेला टपरीच्या स्पीकरवर. माझ्या अंगठ्याने तो तळापासून शिखरापर्यंत चढवला. "आपल्या पत्नीला आपल्या घोरण्याचा त्रास होतो का?" हा प्रश्न डॉक्टरांनी चहा पिणाऱ्या पंधरा-वीस लोकांना विचारला. त्यातल्या तिघांनी हो म्हटलं, असं पोऱ्याने सांगितलं.

तेव्हापासून मी व्हिडिओ लावायच्या आधी फोनची वरची पट्टी खाली ओढून कुणाशी जोडलंय त्याचं नाव वाचतो. टपरीचा स्पीकर यादीतून कायमचा काढून टाकला. खालून जाताना टपरीवाला मात्र अजून विचारतो, "काय काका, झोप कशी?"

या धक्क्यातून सावरायला म्हणून मी सांगलीला बहिणीकडे चार दिवस गेलो. भाची तिथे एका अभ्यासिकेत बसते. म्हटलं, तिथली सूचना बघू, जमल्यास उतरवून आणू. तिथे सूचनाच नव्हती. दारात लाकडी खोका होता. आत जाताना फोन त्यात ठेवायचा, बोंडकं कानात ठेवली तर चालतील. मला हे फारच पसंत पडलं. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून त्या शिस्तीचं कौतुक करत होतो, तर दहा-पंधरा मिनिटांत खोका बोलायला लागला. एक मुलगा पाणी प्यायला मागच्या अंगणात गेला, त्याच्या कानातलं बोंडूक फोनच्या टप्प्याबाहेर गेलं, जोड तुटली. गाण्याची चांगली अ‍ॅप्स अशा वेळी आपणहून थांबतात, तशी सोय फोनमध्ये आहे. पण सगळीच अ‍ॅप्स ही सभ्यता पाळत नाहीत. त्याच्या क्लासचं अ‍ॅप पाळत नव्हतं. खोक्यातून मास्तर ओरडला, "तर मित्रांनो, पंचायत राज!"

ते थांबवलं, तोवर चार वाजले आणि अलार्म झाला. अलार्मचं एक आहे : फोन सायलेंटवर असो, हेडफोन जोडलेले असोत, तो फोनच्या तोंडातूनही वाजतो. माणसाला उठवायचं तर हेडफोन उशीखाली पडलेले असले तरी ऐकू यायला हवं, म्हणून मुद्दामच तसं केलेलं असतं. एकूण तीसेक फोन, त्यातल्या बहुतेकांचा अलार्म कंपनीने दिलेला तोच. दहा-बारा पोरं एकदम उठली, एकमेकांचे फोन उचलून कानाला लावू लागली. ज्याचा होता तो कानांत टोप्या घालून खुर्चीवर गाढ झोपला होता.

संध्याकाळी मेव्हणे म्हणाले, "आमच्या जिल्ह्यात वडगावला जावा. तिथं शांतता आहे." कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठरवलं, की रोज संध्याकाळी दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. बातमी देशाबाहेरही गेली. मला ती ऐकून अभिमानच वाटला. आणि ही शांतता सुरू झाली हे गावाला कसं कळतं? सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठला तो पुन्हा वाजतो, की झाली शांतता, लावा टीव्ही.

मी हसलो, पण परतीच्या एसटीत ते डोक्यातून जाईना. एसटीत माझ्या शेजारी एक गृहस्थ फोनच्या स्पीकरवर कीर्तन ऐकत होते. बाजूच्या बाकावरच्या तरुणाचा सिनेमा चालला होता. मागे एक लहान मूल कार्टून बघत होतं. कराडपर्यंत मी सहन केलं. मग गृहस्थांना म्हटलं, "हेडफोन आहेत का आपल्याकडे?" त्यांनी आपुलकीने पिशवीत हात घातला आणि स्वतःचे हेडफोन काढून माझ्यापुढे केले. "घ्या की. तुम्हाला ऐकायचंय ना काही?"

साताऱ्यात आल्यावर मी सूचना एका बैठकीत लिहून संपवली. सभ्यपणा आणि शुद्धपणा दोन्ही सोडले आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते मांडलं. तक्रारवहीच्या मुलीने दोन ठिकाणी दुरुस्त केलं. अंतिम मजकूर असा :

"वाचकांस विनंती. आत येण्याआधी फोन सायलेंट करा आणि अलार्म बंद करा. सायलेंटने अलार्म बंद होत नाही. काही लावण्याआधी फोन कोणाशी जोडला आहे ते नाव बघा. कानात आवाज येत नसेल तर वाढवू नका, तो दुसरीकडे कुठेतरी येत आहे. कानातले काढण्याआधी व्हिडिओ थांबवा. शेजाऱ्याने हात केला तर वाद न घालता दोन घरे कमी करा. तुम्हाला ऐकू येत नसेल, त्याला येते. फोनवर बोलायचे तर कानातले काढून, जिन्यात. गुरुजींचे यंत्र चालेल."

शेवटची ओळ चिटणीसांना खटकली. "गुरुजींचे म्हणजे काय? श्रवणयंत्र म्हणा की." मी १४ नंबरकडे बोट दाखवलं. ते गप्प झाले.

सूचना लॅमिनेट केली आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता, दिवाणखाना गच्च भरलेला असताना, "शांतता राखा" या जुन्या पाटीच्या खाली चिकटवली. पंखे नव्हते, लाईट गेलेली होती. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी वेळ. पोरं मान वर करून बघत होती. गुरुजी पेपर खाली ठेवून पुढे आले. त्यांचा लांबचा चष्मा घरी राहिला होता.

"काय लिहिलंय हो?" त्यांनी हवालदारसाहेबांना विचारलं.

साहेब पुढे झाले. त्यांनी छाती भरून घेतली आणि परेडला हुकूम द्यावा तशा आवाजात पहिल्या शब्दापासून सूचना वाचायला सुरुवात केली. अलार्मपर्यंत आले तेव्हा गुरुजींनी कानाशी हात नेला, यंत्राने शिट्टी मारली आणि ते म्हणाले, "काय? परत म्हणा."

साहेबांनी परत म्हटलं. वरच्या पट्टीत. जिन्यात चहाची किटली घेऊन आलेला पोऱ्या तिथेच थबकला. खालून टपरीवाला ओरडला, "काय लागलंय रे वर?"

दुसऱ्या दिवशी तक्रारवहीत, त्याच सुवाच्य अक्षरात, नवी नोंद होती : "सूचना मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी सूचना लावावी." खाली चिटणीसांचा शेरा आणि माझं नाव. पेन मात्र पुन्हा गेलं होतं.